अंतरा इंजेक्शन: 9 महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव, घरात कुणालाही न सांगता

सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. बाई 27 वर्षांची, थोरली मुलगी पाच वर्षांची आणि धाकटा चौदा महिन्यांचा, अजून अंगावर पिणारा. घरात सासू-सासरे, नवरा आणि धाकटा दीर. निदान तीन वर्षं तरी तिसरं नको एवढंच तिने मनाशी ठरवलेलं, आणि ते बोलून दाखवायची सोय नव्हती. पुढचं सगळं तिने घेतलेल्या अंतराच्या, म्हणजे दर तीन महिन्यांनी घ्यायच्या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या, तीन डोसांचं आहे. नाव, गाव सोडून देऊ, तारखा मात्र कामाच्या आहेत.

ग्रामीण रुग्णालयात ती 12 जूनला गेली. धाकट्याला सर्दी झाली होती, त्याचाच केसपेपर काढला, स्वतःचा दुसरा. तारीख तिने मुद्दाम धरली होती, कारण पाळी 10 जूनला आली होती. पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत इंजेक्शन घेतलं की त्याच दिवसापासून संरक्षण मिळतं. त्यानंतर घ्यायचं तर आधी दिवस गेलेले नाहीत याची खात्री करावी लागते आणि पुढे सात दिवस निरोध वापरावा लागतो. निरोध वापरायचा म्हणजे नवऱ्याला सांगणं आलं, म्हणून तिसरा दिवस.

कुटुंब नियोजनाच्या खोलीत टेबलावर सगळं मांडून ठेवलेलं असतं: निरोध, माला-एन, छाया, तांबी आणि अंतराची इवलीशी बाटली. 'गुपचूप' म्हटलं की बहुतेक जणी वस्तू कुठे लपवायची याचाच विचार करतात. गोळ्यांचं पाकीट गादीखाली सापडेल, तांबी कुणाला दिसत नाही, इंजेक्शन तर घरी येतच नाही. हे अर्धंच खरं आहे. ज्या घरात बाई चार दिवस देवघराला शिवत नाही, त्या घरात तिच्या पाळीची तारीख सगळ्यांना पाठ असते. साधन कितीही लपवा, पाळी बदलली की बोभाटा व्हायचाच. म्हणून विचारायचा पहिला प्रश्न हा, की या साधनाने माझ्या पाळीचं काय होईल?

तांबीने पाळी साधारण तारखेलाच येते, पण पहिले तीन ते सहा महिने अंगावरून जास्त जातं आणि पोटात दुखतं. हिचं हिमोग्लोबिन 9.2 होतं आणि पाळी मुळातच जास्त जायची, म्हणून सिस्टरांनी तांबीचा फार आग्रह धरला नाही. छाया ही बिगरहार्मोनची गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. तिने पाळी लांबते, म्हणजे घरात तोच गोंधळ, वर पाकीट लपवायचं. माला-एन ही रोजची गोळी, सात-आठ माणसांची भाकरी थापणारीच्या लक्षात राहीलच असं नाही. उरली अंतरा. पण तिने पाळीचं जे होतं ते सिस्टरांनी आधीच सांगितलं, आणि हे सांगणं जिथे राहून जातं तिथेच बायका दुसऱ्या डोसाला परत येत नाहीत.

"ताई, पहिले तीन-चार महिने कधीही डाग दिसेल. दहा दिवस सुद्धा जाईल. मग हळूहळू पाळी बंदच होईल. घाबरून सोडायचं नाही."

"बंद झाली तर ते रक्त पोटात साठतं म्हणतात ना, सिस्टर?"

साठत नाही. या औषधाने गर्भाशयाचं आतलं अस्तर पातळच राहतं. वाढलंच नाही तर गळून पडायला काही नसतं. वर्षभर नेमाने घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची पाळी थांबते. हिच्यासारख्या रक्त कमी असलेल्या बाईला ते चांगलंच.

पहिल्या डोसाआधी डॉक्टर तपासतात, पुढचे डोस प्रशिक्षित सिस्टर देऊ शकतात. बीपी, वजन, स्तनात गाठ आहे का, कारण न कळलेला रक्तस्राव होतो का, काविळीचा किंवा यकृताचा मोठा आजार आहे का, पूर्वी पक्षाघात किंवा हृदयविकार झाला होता का, हे विचारलंच पाहिजे. बीपी 160/100 किंवा त्याहून वर असेल तर हे साधन देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या बाईला बाळंतपणानंतर सहा आठवडे झालेले हवेत, हिला चौदा महिने झाले होते. नवऱ्याची सही लागत नाही. कुणी मागितली तर ती अडवणूक समजावी.

आता इंजेक्शन. बाटलीत 1 मिलि औषध, त्यात 150 मिग्रॅ मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. ते पाण्यात विरघळलेलं नसतं. बाटली उभी ठेवली की पांढरा साका तळाशी बसतो. भरण्याआधी ती नीट हलवून सगळं एकसारखं दुधी करायचं असतं. गर्दीत न हलवता वरचं पातळ ओढलं तर औषधाचा काही भाग बाटलीतच राहतो आणि अंगात डोस कमी जातो. समोर बसलेल्या बाईला हे डोळ्यांनी दिसतं. 'सिस्टर, हलवली का?' एवढं विचारायला हरकत नाही. ते दंडात किंवा कमरेवर खोल स्नायूत देतात. हिने दंडात घेतलं, कारण कमरेवर घेतलेलं दुखलं तर बसता-उठता घरी दिसेल. नंतर ती जागा चोळायची नाही, शेकायची नाही. चोळल्याने स्नायूत साठवलेलं औषध लवकर पसरतं आणि तीन महिने पुरायचं ते आधीच ओसरू शकतं. दंड दुखतोय म्हटल्यावर घरातलं कुणीतरी हमखास तेल चोळून देतं, म्हणून तिने कुणाला सांगितलंच नाही.

पुढच्या तारखेचं अंतरा कार्ड मिळतं. ते धाकट्याच्या लसीकरणाच्या कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत गेलं. त्या पिशवीत घरातलं दुसरं कुणी हात घालत नाही.

जुलै अवघड गेला. 3 तारखेला जे सुरू झालं ते नऊ दिवस चाललं, मग अधूनमधून तपकिरी डाग. ऑगस्टमध्ये पुन्हा सहा दिवस. इथे तिने एक गोष्ट केली, ती कुठल्याच माहितीपत्रकात सापडणार नाही. रक्त कधी जातं ते सोडून दिलं आणि जुन्या हिशेबाने, 28-28 दिवसांनी, बाजूला बसायला लागली. 8 जुलै, 5 ऑगस्ट, 2 सप्टेंबर, प्रत्येक वेळी चार दिवस. बाकीच्या दिवसांत डाग दिसला तरी पॅड लावून स्वयंपाक, देवपूजा चालू. सासूबाईंच्या लेखी सूनबाईची पाळी घड्याळासारखी. सप्टेंबरात लक्ष्म्या बसल्या त्या दिवशीही थोडा डाग होता. पुरणपोळ्या तिनेच केल्या.

असा रक्तस्राव त्रासदायक वाटला तर डॉक्टर पाच दिवसांचा मेफेनॅमिक ॲसिडचा कोर्स देऊ शकतात. तो पुरणपोळीच्या आधीच्या आठवड्यात मागता आला असता, तिला माहीत नव्हतं. मेडिकलमधून परस्पर 'पाळी पुढे ढकलायची गोळी' आणणं हा यावरचा उपाय नाही. तासा-तासाला पॅड भिजत असेल किंवा सोबत खूप पोट दुखत असेल तर मात्र वाट न पाहता दवाखाना.

दुसरा डोस 12 सप्टेंबरला होता, पण सणाच्या धावपळीत बाहेर पडता येणार नव्हतं. ती 6 सप्टेंबरलाच गेली. दोन आठवड्यांपर्यंत आधी घेतलेलं चालतं. धाकटा सतरा महिन्यांचा होत आला होता, त्याचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टरही त्याच फेरीत उरकला. लक्षात ठेवायचं ते हे: पुढची तारीख कार्डावरच्या जुन्या तारखेपासून मोजायची नाही, सुई टोचली त्या दिवसापासून मोजायची. म्हणजे 6 डिसेंबर. 12 डिसेंबर नव्हे.

डिसेंबरात दिराचं लग्न. ती पोचली 22 तारखेला, सोळा दिवस उशिरा. खिडकीशी बसलेल्या नव्या सिस्टर म्हणाल्या, "तारीख गेली. पाळी आली की या." इथे बऱ्याच जणी परत फिरतात आणि पुढे दिवस राहतात. ऑक्टोबरपासून जिची पाळी थांबलेलीच आहे ती 'पाळी आल्यावर' कधी येणार? नियम असा आहे की ठरलेल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत डोस देता येतो, चाचणी किंवा निरोधाची अट न घालता. हिची मुदत 3 जानेवारीपर्यंत होती. तिने कार्ड पुढे करून मोठ्या सिस्टरांना बोलवा म्हटलं, आणि इंजेक्शन मिळालं. चार आठवडे उलटले असते तर दिवस गेलेले नाहीत याची खात्री आणि पुढे सात दिवस निरोध, हे दोन्ही लागलं असतं. वेळेवर घेतलं तर वर्षभरात हजारात दोन-तीन बायकांनाच दिवस जातात. प्रत्यक्षात शंभरात चारच्या आसपास जातात, आणि हा फरक मुख्यतः चुकलेल्या तारखांचा आहे.

नऊ महिन्यांनी हिशेब असा. वजन 52 वरून 54. डोकेदुखी पहिल्या महिन्यात, नंतर नाही. हिमोग्लोबिन 10.4, त्यात लोहाच्या गोळ्यांचाही वाटा आहे. अंगावरचं दूध कमी झालं नाही. हाडांची घनता या औषधाने थोडी कमी होते आणि बंद केल्यावर बहुतांशी भरून येते, म्हणून दोन वर्षांनी थांबायचं की पुढे घ्यायचं हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. गुप्तरोगांपासून हे अजिबात वाचवत नाही.

मला खटकणारा दोष एकच, आणि तो मोठा आहे: टोचल्यावर परत काढता येत नाही. तांबी नको झाली तर काढता येते, गोळी बंद करता येते. इथे डोकं दुखो की रक्त जावो, तीन महिने काढावेच लागतात. सोडल्यावरही दिवस राहायला वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शनपासून सरासरी नऊ-दहा महिने. 'यंदा थांबून पुढच्या वर्षी लगेच' असा बेत असेल तर हे साधन निवडू नये. तीन वर्षांचं अंतर हवं असलेल्या हिला दुसऱ्या वर्षाच्या शेवटीच थांबायचा विचार करावा लागेल.

बाजूला बसणं अजून चालूच आहे, दर 28 दिवसांनी, आता डागही नसताना. फोनमध्ये 22 मार्चचा गजर लावलाय, त्यावर लिहिलंय 'सिलेंडर बुक करणे'. तो वाजला तेव्हा फोन सासूबाईंच्या हातात होता. "अगं, गेल्या आठवड्यातच आला की सिलेंडर," म्हणाल्या. आता तिने नाव बदलून 'रेशन' केलंय.