परीक्षेला दोन आठवडे उरलेत: सरांना यातला कोणता ईमेल पाठवावा?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या माझ्या भाचीने आयईएलटीएसच्या सरांसाठी ईमेलचे दोन मसुदे केले होते. तिला एकूण 6.5 हवेत आणि कुठल्याच विभागात 6 च्या खाली चालणार नाही. शेवटच्या सराव परीक्षेत लिसनिंग 7, रीडिंग 6, रायटिंग 5.5 आणि स्पीकिंग 6.5 असे बँड आले.

पहिला मसुदा असा: “सर, माझं रायटिंग कच्चं आहे, रीडिंगला वेळ पुरत नाही, शब्दसंग्रहही कमी पडतो. कृपया जादा तास घ्यावेत.” नम्र आहे, खोटंही काही नाही. पण हे वाचून सर पहिल्या तासाला काय घेणार? बहुधा पुन्हा एक चाचणी.

दुसऱ्या मसुद्यात आधी चारही बँड आहेत. सरासरी 6.25 येते आणि ती नियमाने 6.5 धरली जाते, म्हणजे एकूण बँड जमलाय आणि अडलंय ते फक्त रायटिंगवर, हे सरांना लगेच दिसतं. त्यामुळे रीडिंगचं गाऱ्हाणं तिने काढूनच टाकलं. मला ते पटलं. 6 काठावरचे असले तरी मोजक्या तासांत दोन दगडांवर पाय नको. पुढचा मजकूर असा:

“टास्क 1 ला मला 28 मिनिटं लागली. टास्क 2 साठी 32 उरली आणि निबंध 215 शब्दांवर थांबला. दोन्ही बाजू मांडून स्वतःचं मत द्यायचं होतं. माझं मत थेट शेवटच्या परिच्छेदात आलं. दोन्ही उत्तरं न सुधारता जोडली आहेत. तीन तास मिळतील का? एक 20 मिनिटांत टास्क 1 संपवण्यासाठी, एक टास्क 2 च्या आखणीसाठी आणि एक घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवून तपासण्यासाठी.”

टास्क 2 ला दुप्पट वजन असतं आणि किमान 250 शब्द लागतात, म्हणून ती आठ जादा मिनिटं महागात पडतात. “माझं व्याकरण कच्चं आहे” असं लिहिलं असतं, तर सर कदाचित काळांचे नियम घेऊन बसले असते. म्हणून काय घडलं तेवढं लिहावं, निदान सरांवर सोडावं. उत्तरं न सुधारता जोडायची तीही त्यासाठीच. (घरी नीटनेटकी करून पाठवायचा मोह भाचीलाही झाला होताच.)

रायटिंगचा बँड स्वतःच ठरवलेला असेल, तर मात्र दुसऱ्या मसुद्याचा पायाच कच्चा. रीडिंग-लिसनिंग उत्तरसूचीवरून तपासता येतं, निबंध तसा येत नाही. तेव्हा बँड न लिहिता फक्त उत्तरं पाठवावीत. आणि परीक्षा दोन-अडीच महिने लांब असेल, तर पहिला मसुदाही चालेल. चाचणीत एक तास गेला तरी तो भरून काढता येतो.