परीक्षेची रजा: सलग अकरा दिवस की तुटक नऊ?

नोकरी सांभाळून सीएमए इंटरचा एक ग्रुप देणाऱ्यांचा दर डिसेंबरला ठरलेला प्रश्न: पेपरांच्या आधीपासून सलग रजा टाकावी, की मध्येमध्ये कामावर जाऊन तुटक घ्यावी? तुर्भ्याच्या एका ट्रेडिंग फर्ममध्ये अकाउंट्स बघणारी, ठाण्याहून ट्रान्स हार्बरने येणारी एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. आठवड्याला सुट्टी फक्त रविवारी. उदाहरणापुरतं धरू की तिचे चार पेपर डिसेंबरच्या 10 (बुधवार), 12, 14 (रविवार) आणि 16 तारखेला आहेत.

सलग रजा म्हणजे 4 ते 16 डिसेंबर. मधले दोन रविवार वगळले तर कामाचे अकरा दिवस. तुटक रजेत नोव्हेंबरचे शेवटचे दोन शनिवार, 22 आणि 29, अभ्यासाला घ्यायचे, मग 8, 9, 10, 12, 13, 15 आणि 16 डिसेंबर. एकूण नऊ. या पद्धतीत ती 4, 5, 6 आणि 11 डिसेंबरला ऑफिसात असते.

म्हणजे एवढी कसरत करून वाचतात दोन दिवस. तुमच्याकडे सँडविच नियम असेल, म्हणजे रजेच्या मध्ये अडकलेला रविवारही रजेत धरत असतील, तर सलग रजा तेरा दिवसांची होते आणि तुटक दहाची, कारण 13 आणि 15 च्या मध्ये 14 चा रविवार अडकतोच. फरक तीन दिवसांचा. तेव्हा निव्वळ रजा वाचवायला तुटकचा मार्ग धरू नका. खरा निकाल लागतो तो 11 तारखेवर.

11 डिसेंबर ही नोव्हेंबरच्या जीएसटीआर-1 ची शेवटची तारीख. त्याआधी 7 ला टीडीएसचं चलन, 15 ला पीएफ, 20 ला जीएसटीआर-3बी. साहेबांच्या डोक्यात तुमच्या रजेचं चित्र असंच दिसतं, अभ्यासक्रमाच्या पानांनी नाही. तुटक रजेत ती टीडीएस 6 तारखेपर्यंत भरते आणि 11 ला ऑफिसला येऊन जीएसटीआर-1 फाइल करते. साहेब खूश. पण 10 ला एक पेपर, 12 ला दुसरा आणि मधल्या दिवशी विक्रीची बिलं जुळवायची, शेवटच्या दिवशी रखडणारं पोर्टल सांभाळायचं, संध्याकाळी गर्दीतून ठाण्याला परत. त्या दिवशी अभ्यास होत नाही, हे मान्य करूनच ही वाट निवडावी.

सलग रजेत हेच काम 3 तारखेपर्यंत उरकावं लागतं, आणि ते जमतं. जीएसटीआर-1 ला महिन्याची विक्री लागते, ती 30 नोव्हेंबरला पूर्ण होते. 1 आणि 2 ला सेल्सवाल्यांकडून उरलेल्या क्रेडिट नोटा काढून घ्यायच्या, 3 ला फाइल करायचं. एखादं बिल राहिलंच तर त्याच महिन्याचं 3बी भरण्याआधी जीएसटीआर-1ए मध्ये दुरुस्ती करता येते. 2बी 14 तारखेला तयार होतं, तुम्ही 17 ला कामावर हजर, 20 पर्यंत 3बी साठी वेळ मिळतो. टीडीएसचं चलनही 3 लाच भरून टाका. मागे फक्त पीएफ उरतो, तो सहकाऱ्याला सांगावा लागेल.

इथे एक बारीक गोष्ट आडवी येते. फर्म भागीदारीची असेल तर रिटर्नचा ओटीपी अधिकृत सही करणाऱ्याच्या मोबाइलवर जातो, तेव्हा 3 तारखेला ते गाठ पडायला हवेत. कंपनी असेल तर डिजिटल सिग्नेचरचं टोकन लागतं, आणि ते बऱ्याचदा अकाउंट्सवाल्याच्याच ड्रॉवरमध्ये असतं. चावी घरी नेऊन रजेवर गेलात तर पेपरच्या आदल्या रात्री फोन येणार, हे धरून चाला.

आता रजेचा प्रकार. खासगी नोकरीत परीक्षेसाठी वेगळी रजा कायद्याने मिळत नाही, ती कंपनीच्या मर्जीवर. राज्याचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा जिथे लागू आहे, तिथे वर्षाला 8 किरकोळ रजा (सीएल) मिळतात आणि त्या वर्षाअखेरीस संपतात. अर्जित रजा (पीएल) वर्षात 240 दिवस भरल्यावर वीस दिवसांना एक या हिशेबाने मिळते आणि 45 पर्यंत साठते. डिसेंबरच्या परीक्षेला म्हणूनच उरलेल्या सीएल आधी संपवाव्यात, नाहीतर त्या वायाच जातात. पण बऱ्याच ऑफिसांत सीएल आणि पीएल जोडून घेता येत नाही. तसं असेल तर सलग रजा पूर्ण पीएलवर टाकावी लागते. तुटक रजेत मात्र दोन शनिवार सीएलवर घालता येतात. पीएल कमी असेल तर तुटकच्या बाजूने हा भरभक्कम मुद्दा आहे.

पुराव्याबाबत दोन्हीकडे अडचण एकच. ॲडमिट कार्ड उशिरा येतं आणि अर्ज त्याआधी द्यावा लागतो; अर्जित रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी दिलेला असावा. तेव्हा अर्जाला परीक्षा फॉर्मची पावती आणि जाहीर वेळापत्रक जोडा, ॲडमिट कार्ड आल्यावर लगेच पाठवा. लक्षात घ्या, कार्ड फक्त पेपरच्या तारखा सिद्ध करतं. सलग अकरा दिवसांपैकी पेपरचे तीनच (चौथा रविवारी), उरलेले आठ तयारीचे. तुटक रजेत तयारीचे सहा. सगळ्याला 'परीक्षा रजा' म्हटलंत तर एचआर कार्डावरच्या तारखा मोजून प्रश्न विचारेल. स्वतःच वेगळं लिहा:

"10, 12 व 16 डिसेंबर रोजी सीएमए इंटरचे पेपर आहेत (14 चा पेपर रविवारी). तयारीसाठी 4, 5, 6, 8, 9, 11, 13 व 15 डिसेंबर अशी रजा हवी आहे. सर्व 11 दिवस अर्जित रजेतून धरावेत. फॉर्मची पावती व वेळापत्रक जोडले आहे, ॲडमिट कार्ड मिळताच पाठवीन. नोव्हेंबरचा जीएसटीआर-1 व टीडीएस 3 डिसेंबरपर्यंत पूर्ण करीन. पीएफचे काम सहकारी पाहतील, त्यांना माहिती दिली आहे. 17 डिसेंबरला हजर होईन. वेळापत्रक बदलल्यास सुधारित तारखा कळवीन."

शेवटचं वाक्य सलग रजेत जास्त महत्त्वाचं. पेपर आठवडाभर पुढे गेले, तर तुटकवाल्याचे शनिवार आधीच खर्ची पडलेले असतात, पण बाकीचे दिवस सरकवता येतात. सलगवाल्याला अख्खा गठ्ठा हलवावा लागतो, आणि तो नेमका 20 तारखेवर जाऊन आदळतो.

माझं मत विचाराल तर अकाउंट्सला तुमच्याशिवाय दुसरं कोणी असेल, अगदी ज्युनिअर का असेना, तर सलग घ्या. एकट्यावरच सगळं असेल तर तुटक, पण 11 ला पूर्ण दिवसाऐवजी अर्धा दिवस मागून बघा: सकाळी फाइल, दुपारी घर. आणि साहेबांनी व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा पाठवला तर त्यावर न थांबता तारखांसह ईमेल टाकून "मंजूर" असं उत्तर मागवून घ्या, कारण पगार काढताना एचआर अंगठा बघत नाही.