दोन माइक, एक वक्ता : पोकळ आवाजावर उलटवणे, सरकवणे की एकच माइक ठेवणे?

पुण्यात व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण करताना वक्त्याला कॉलर माइक लावायचा, त्याच्यासमोरच्या स्टँडवरील माइकचा आवाजही घ्यायचा आणि दोन्ही रेकॉर्डरच्या डाव्या-उजव्या चॅनलवर नोंदवायचे, अशी पद्धत बरेच जण वापरतात. संपादन करणारा हेडफोन लावून बसलेला असतो आणि त्याच्या एका कानात एक माइक, तर दुसऱ्या कानात दुसरा वाजत असल्याने त्याला काही खटकत नाही. दोष उघड होतो तो एखाद्या श्रोत्याने तेच व्याख्यान मोबाइलच्या एकाच स्पीकरवर लावल्यानंतर, कारण तिथे दोन्ही चॅनल एकत्र होतात आणि वक्त्याचा भरदार आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पातळ ऐकू येतो. हे दुरुस्त करण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत : एका माइकची पोलॅरिटी उलटवणे, एक ट्रॅक काळात सरकवणे, किंवा एक माइक सरळ बंद करणे. यांपैकी कोणता निवडावा हे दोषाच्या कारणावर ठरते, आणि कारणे दोन आहेत.

पहिले कारण केबलमधले असते. एक्सएलआर केबलच्या एका टोकाला 2 आणि 3 क्रमांकाच्या पिनांच्या तारांची अदलाबदल झाली, तर त्या माइकची लहर पूर्ण उलटी नोंदवली जाते; एकीकडे शिखर तिथे दुसरीकडे दरी. बेरजेत खर्जाचे सूर एकमेकांना खोडतात आणि आवाज कृश होतो. दुसरे कारण अंतराचे आहे. तोंडापासून दूर असलेल्या माइकपर्यंत आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि या उशिरामुळे काही ठरावीक वारंवारता खोडल्या जातात, तर त्यांच्यामधल्या वाढतात. खर्ज बराचसा शाबूत राहतो, पण मधले सूर पोखरले जातात. पहिल्या प्रकारचा आवाज पातळ, तर दुसऱ्या प्रकारचा पोकळ असतो. प्रत्यक्षात दोन्ही दोष एकाच फाइलमध्ये भेटू शकतात.

निदानासाठी दोन्ही चॅनल साधारण सारख्या पातळीवर आणून, एकदा जसेच्या तसे आणि एकदा उजवा चॅनल उलटवून, मोनो करून ऐकावेत :

```
ffmpeg -i talk.wav -af "pan=mono|c0=0.5*c0+0.5*c1" seedha.wav
ffmpeg -i talk.wav -af "pan=mono|c0=0.5*c0-0.5*c1" ulta.wav
```

दुसऱ्या फाइलमध्ये खर्ज ठळकपणे परत आला, तर पोलॅरिटी उलटी होती असे धरावे. ऑडासिटीमध्ये एका ट्रॅकवर `Invert` लावणे किंवा रीपरमध्ये ट्रॅकवरील `ø` बटण दाबणे, एवढ्यावर हे काम होते. तिन्ही मार्गांत हा सर्वांत स्वस्त आणि पूर्णतः निर्धोक आहे, कारण ध्वनीतले काहीच हरवत नाही आणि वक्ता कितीही हलला तरी दुरुस्ती टिकते. त्याची मर्यादा एवढीच की तो अंतराच्या दोषावर चालत नाही. मूळ दोष केवळ उशिराचा असताना उलटवले, तर खोडल्या गेलेल्या वारंवारतांचे खड्डे भरत नाहीत. ते फक्त दुसऱ्या वारंवारतांवर जातात आणि वर खर्जही गमावला जातो.

सरकवण्याचा मार्ग तपासायला एक उदाहरण घेऊ. कॉलर माइक तोंडापासून 20 सेंटिमीटरवर आणि स्टँडचा माइक 60 सेंटिमीटरवर आहे. 25 अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे 346 मीटर जातो, म्हणजे 40 सेंटिमीटरच्या फरकाने स्टँडच्या माइकला सुमारे 1.16 मिलिसेकंद उशीर होतो, आणि 48 किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये ते साधारण 55 सॅम्पल होतात. पहिला खड्डा 432 हर्ट्झच्या आसपास पडतो, पुढचे 1300 आणि 2160 च्या जवळ. स्वरांचा भरीवपणा ज्या पट्ट्यात असतो तोच कुरतडला जातो. डावा चॅनल कॉलर माइकचा असेल तर त्याला तेवढाच उशीर द्यायचा :

```
ffmpeg -i talk.wav -af "adelay=55S|0S,pan=mono|c0=0.5*c0+0.5*c1" julavlela.wav
```

55 हा आकडा मोजपट्टीवरून आलेला आहे. प्रत्यक्षात ‘प’ किंवा ‘ट’ अशा झटक्याच्या व्यंजनाची सुरुवात दोन्ही लहरींत मोठी करून पाहावी आणि सॅम्पल मोजावेत. सुरुवातीचा झटका एका ट्रॅकमध्ये वर आणि दुसऱ्यात खाली जात असेल, तर आधी उलटवावे आणि मग सरकवावे. हे काम ध्वनिसंपादकातच करावे. व्हिडिओ संपादनाची जी साधने ध्वनीसुद्धा फ्रेमच्या पटीतच सरकवतात, ती इथे निरुपयोगी आहेत, कारण सेकंदाला 25 फ्रेम असताना एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची, म्हणजे 1920 सॅम्पलची होते.

मात्र या मार्गाची खरी अडचण वक्त्याची मान आहे. आपल्या उदाहरणातला वक्ता टिपण पाहण्यासाठी स्टँडच्या माइककडे केवळ 10 सेंटिमीटर झुकला, तरी जुळवणी 14 सॅम्पलने चुकते आणि नवा खड्डा सुमारे 1730 हर्ट्झवर, म्हणजे शब्दांच्या स्पष्टतेच्या पट्ट्यात उघडतो. तो मागे सरकला की आवाज पुन्हा भरतो, आणि अशी सतत होणारी ये-जा ही स्थिर पोकळपणापेक्षा कानाला जास्त खुपते, असे माझे मत आहे. म्हणून खुर्चीत एका जागी बसून दिलेल्या मुलाखतीसाठी सरकवणे उपयोगाचे आहे, पण उभ्याने, हातवारे करत दिलेल्या व्याख्यानासाठी ते मी सुचवणार नाही. हलत्या वक्त्याचा उशीर क्षणोक्षणी मोजून जुळवणारी साउंड रॅडिक्सच्या ऑटो-अलाइन पोस्टसारखी सशुल्क साधने चित्रपटांच्या संवादांसाठी आहेत आणि ती हे काम बरेच सुधारतात. तरीही सभागृहाच्या भिंतींवरून प्रत्येक माइककडे वेगवेगळ्या वेळी परतलेला घुमारा त्यांनाही जुळवता येत नाही.

तिसरा मार्ग संपादकांना कमीपणाचा वाटतो, आणि तरीही व्याख्यानासाठी मी आधी तोच निवडेन. कॉलर माइक मुख्य ठेवावा आणि स्टँडचा पूर्ण बंद करावा. उपरणे किंवा साडीचा पदर घासून कॉलर माइक खरखरतो, तेवढ्याच वाक्यापुरता स्टँडचा माइक घ्यावा आणि बदल शब्दांच्या मधल्या विरामात, अगदी छोट्या क्रॉसफेडने करावा, म्हणजे दोन्ही माइक एकाच वेळी बोलत नाहीत. यातला तोटा असा की बदलाच्या जागी आवाजाचा रंग आणि घुमारा बदललेला जाणवतो. थोड्या इक्वलायझरने तो झाकता येतो. टाळ्या आणि हशा यांसाठी स्टँडचा माइक सतत हवाच असेल, तर तो वक्त्याच्या आवाजाच्या बाबतीत कॉलर माइकपेक्षा किमान 10 डेसिबल खाली ठेवावा. त्या फरकाला खड्ड्यांची खोली सुमारे 3.3 डेसिबल आणि उंचवटे सुमारे 2.4 डेसिबल एवढेच उरतात, आणि सामान्य श्रोत्याला ते क्वचितच कळतात.

हे सारे दोन्ही माइक वेगळे नोंदवलेले असतील तरच शक्य आहे. मिक्सरवरून एकत्र झालेली एकच फाइल हाती आली असेल, तर खोडली गेलेली वारंवारता इक्वलायझरने उचलून परत येत नाही. तिथे केवळ गोंगाट वाढतो, आणि वक्ता हलला की खड्डाही हलल्यामुळे लावलेली दुरुस्ती चुकीच्या जागी बसते. अशा वेळी कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकचा ट्रॅक, तो घुमत असला तरी, बहुधा जास्त ऐकण्याजोगा निघतो. पुढच्या कार्यक्रमाआधी दोन्ही माइक एकाच तोंडाजवळ धरून मोनोत ऐकावेत आणि आवाज क्षीण झाला तर केबल टेस्टरने तारा तपासाव्यात. तपकीर गल्लीतून नवी केबल आणली असली तरी ही तपासणी चुकवू नये.