केकचा रस्क की पावाचा? कडा न करपवता दोनदा भाजताना

रस्क दुसऱ्यांदा भाजताना दोन कामं होतात: आधी आतलं पाणी काढायचं आणि मग रंग आणायचा. बहुतेक कडा करपतात त्या ही दोन्ही कामं एकाच आचेवर उरकायला गेल्यामुळे. कापात पाणी असतं तोवर तो भाग शंभर अंशांच्या आसपासच राहतो. पाणी संपलं की तो झपाट्याने ओव्हनच्या तापमानाकडे चढतो. कडा सगळ्यात आधी सुकते, त्यामुळे १८० अंशांवर मधला गाभा ओला असतानाच ती काळी पडते. पाव असो वा केक, हे दोघांनाही लागू आहे. फरक पडतो तो साखरेने.

पावात साखर थोडी असते, म्हणून तो चुका पोटात घालतो. केक तसा नाही. त्यातली साखर आणि अंडी कमी आचेवरही रंग धरतात, आणि त्याचा वरचा, खालचा, बाजूचा पापुद्रा पहिल्या भाजणीतच तपकिरी झालेला असतो. तोच पापुद्रा पुन्हा ओव्हनमध्ये गेला की कडवट होतो. म्हणून केक पहिल्यांदा भाजताना फिकाच काढावा, सुई स्वच्छ निघाली की लगेच. तरी बाजू गडद झाल्याच, तर कापण्याआधी त्या छाटून टाकाव्यात. पावाच्या कडा मात्र तशाच ठेवल्या तरी चालतात.

कापायला दोन्ही शिळेच हवेत. ताजा पाव सुरीखाली चेपतो आणि ताजा केक चुरा होतो. झाकून एक रात्र ठेवावं, मग दातेरी सुरीने, न दाबता, करवतीसारखं पुढे-मागे करत दीड सेंटीमीटरचे काप करावेत. जाडीच्या आकड्यापेक्षा सगळे काप एकसारखे असणं महत्त्वाचं आहे. एका टोकाला निमुळता झालेला काप त्या टोकाला करपणारच, आच कितीही सांभाळा. केक फारच भुसभुशीत असेल तर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून कापावा.

आता प्रत्यक्ष भाजणी. ४०० ग्रॅम पावाचे काप जाळीवर, एकमेकांना न चिकटवता मांडा. थेट ट्रेवर ठेवले तर खालून वाफ कोंडते. ओव्हन १२० अंशांवर ठेवून २५ मिनिटं, मग उलटवून आणखी २५ मिनिटं. त्यानंतर सगळे काप वजन काट्यावर ठेवा. नेहमीच्या पावात तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त पाणी असतं, म्हणजे वजन साधारण २७० ग्रॅमच्या आसपास उतरायला हवं. प्रत्येक पाव सारखा नसतो, म्हणून पक्की खूण वेगळी आहे: दहा मिनिटांच्या अंतराने केलेली दोन वजनं सारखी आली की पाणी संपलं. मगच १५० अंशांवर आठ-दहा मिनिटं रंग द्या. या टप्प्याला ओव्हनपासून हलू नये, कारण कोरडा काप आता फार वेगाने तांबूस होतो.

केकला हा दुसरा टप्पा लागतच नाही. १३० अंशांवर २५ मिनिटं, हलक्या हाताने उलटवून २० मिनिटं, मग ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवून अर्धा तास आतच राहू द्या. पाणी मुळात कमी असल्याने ४०० ग्रॅमचे साधारण ३२० ग्रॅमच होतात. इथे एक फसवणूक आहे: केकचा रस्क गरम असताना मऊच लागतो, कारण त्यातली साखर आणि लोणी थंड झाल्यावर घट्ट होतात. ‘अजून कुरकुरीत नाही’ म्हणून आच वाढवली की तो गेलाच. शंका असेल तर एक काप बाहेर काढून पाच मिनिटांनी मोडून बघा.

पूर्ण गार झाल्यावरही मोडताना कट्‌ आवाज न येता मधे वातड ओढ लागली, तर गाभ्यात पाणी शिल्लक आहे. असे रस्क डब्यात भरले की आतला ओलावा कडांकडे सरकतो आणि दुसऱ्या दिवशी सगळेच सादळतात. १२० अंशांवर १५-२० मिनिटं परत ठेवले की सुधारतात. करपलेल्या कडांना मात्र उपाय नाही, खरवडून कडवटपणा पुरता जात नाही.

चहात पावाचा रस्क आकार टिकवतो. केकचा दोन सेकंदांच्या वर ठेवला तर कपाच्या तळाशी सापडतो. लोण्यामुळे केकच्या रस्कला खवट वासही लवकर येतो, म्हणून तो थोडाच करावा. ओव्हनचा स्वभाव अजून नीट ठाऊक नसेल, तर पावापासून सुरुवात करा. केक उरलाय आणि खुसखुशीत, गोड काहीतरी हवंय, तर केक घ्या, पण पहिल्या खेपेला दोनच काप भाजून बघा.