विषय: काचेचे रॅक खरेदी खात्यात गेलेत, व्हाउचर बदलायचं की जर्नल करायचं?

नमस्कार शेठ,

मार्चअखेरची तेरीज काढण्याआधी खरेदी खतावणी तपासली. 12 नोव्हेंबरला चप्पल लाईनच्या दुकानासाठी घेतलेले रॅक आणि काउंटर, बिल ₹80,000 अधिक 18 टक्के जीएसटी ₹14,400, यातले ₹80,000 चपलांच्या खरेदीत नोंदलेत. तेरीज तरीही जुळते, कारण रक्कम बरोबर आहे, फक्त नावे पडलेलं खातं चुकलंय. पण रॅक विकायला आणलेला माल नाही. त्यामुळे खरेदी ₹80,000 ने फुगली आणि नफा तेवढाच कमी दिसतोय. सुताराला बसवण्याचे ₹2,000 दिलेत, तेही मजुरी खात्यात आहेत. रॅक वापरायला तयार करण्याचा हा खर्च असल्याने तो फर्निचरच्याच किमतीत धरायचा.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. निर्णय तुमचा आहे, म्हणून दोन्ही मांडतो.

पहिला मार्ग म्हणजे नोव्हेंबरचं मूळ व्हाउचर उघडून खरेदीच्या जागी फर्निचर खातं टाकायचं. पाच मिनिटांचं काम आहे आणि नोव्हेंबरचा ढोबळ नफाही लगेच बरोबर दिसतो. अडचण अशी की नोव्हेंबरचं जीएसटी रिटर्न भरून झालंय आणि त्या महिन्याच्या खरेदीचा आकडा सीसी लिमिटसाठी बँकेलाही गेलाय. आता व्हाउचर बदललं तर आपल्या वहीतला नोव्हेंबर आणि बँकेकडचा नोव्हेंबर वेगळे होतील, आणि फरक का पडला हे सांगणारा कागद आपल्याकडे उरणार नाही. शिवाय बदलताना चुकून बिल नंबर किंवा कराची ओळ हलली तर इनपुट क्रेडिटचा मेळ बिघडतो.

दुसरा मार्ग म्हणजे मूळ नोंदीला हात न लावता मार्चमध्ये टॅलीत F7 दाबून जर्नल करायचं:

```
फर्निचर खाते      नावे   82,000
   खरेदी खाते     जमा   80,000
   मजुरी खाते     जमा    2,000
```

तपशिलात फर्निचरवाल्याचा बिल नंबर, 12 नोव्हेंबर ही तारीख आणि ‘फर्निचर चुकून खरेदीत नोंदले, त्याची दुरुस्ती’ असं स्पष्ट लिहायचं. तारीख महत्त्वाची आहे, कारण घसारा जर्नलच्या तारखेवरून नव्हे, वापर सुरू झाल्यापासून मोजतात. फर्निचरचा प्राप्तिकरातला दर 10 टक्के आहे, पण या वर्षात वापर 180 दिवसांपेक्षा कमी झाला, म्हणून निम्मा, 5 टक्के. ₹82,000 वर ₹4,100. म्हणजे नफा ₹82,000 ने वाढून घसाऱ्याने ₹4,100 ने कमी होईल, निव्वळ वाढ ₹77,900. यात एक उणीव आहे, ती मान्य करतो: नोव्हेंबरचा नफा कमी आणि मार्चचा जास्त दिसेल. वर्षाचा हिशोब मात्र बरोबर येईल.

दोन गोष्टींना कुठल्याही मार्गात हात लावायचा नाही. फर्निचरवाल्याचं खातं बरोबर आहे. दुरुस्तीत त्याला पुन्हा जमा दिलं तर देणं दुप्पट दिसेल. ही चूक मी वरचेवर पाहतो. दुसरं म्हणजे ₹14,400 चं क्रेडिट. ते भांडवली वस्तूवरही मिळतं आणि आपण घेतलंय, म्हणून ती रक्कम फर्निचरच्या किमतीत मिळवायची नाही. कराच्या रकमेवर घसाराही घ्यायचा आणि क्रेडिटही, असं दोन्ही चालत नाही.

जर्नल करण्याआधी मुलाला एक तपासायला सांगा: व्हाउचर आयटम टाकून केलंय का? तसं असेल तर स्टॉक समरीत चपलांच्या जोडांबरोबर रॅकही शिल्लक दिसतील. मग अखेरचा साठा फुगलेला असेल आणि नफा घटलेला दिसणारच नाही. अशा वेळी नुसत्या जर्नलने भागत नाही, स्टॉकमधूनही रॅक काढावे लागतात, नाहीतर नफा खरोखरीपेक्षा जास्त येईल.

माझं मत जर्नलच्या बाजूने आहे. व्हाउचर बदलणं त्याच महिन्यात, रिटर्न भरण्याआधी लक्षात आलं असतं तर योग्य होतं.

हे 31 मार्चच्या आत करूया असं म्हणतोय, त्यालाही कारण आहे. वह्या बंद झाल्यावर खरेदी खात्याला जमा देता येत नाही. दिलं तर पुढच्या वर्षाचा नफा विनाकारण फुगतो. तेव्हा फर्निचर खाते ₹77,900 ने नावे आणि तुमचं भांडवल खातं जमा करावं लागेल, आणि विवरणपत्र भरलं गेलं असेल तर तेही सुधारून द्यावं लागेल.

मूळ बिल आणि सुताराची पावती शनिवारपर्यंत पाठवा, म्हणजे जर्नलला जोडून ठेवतो.

आपला,
हिशोबनीस