मशीनवर बसणाऱ्याची पहिली चाळिशी: बायफोकल घ्यावी की नुसती जवळची?

गावात शिवणकाम करणाऱ्या माणसाला चाळिशी लागल्याचं पेपर वाचताना कळत नाही, सुई ओवताना कळतं. मला बरेच दिवस दोऱ्याचाच संशय होता. टोक पिंजतंय, रीळ हलक्या प्रतीचं आहे, असं वाटायचं. दुपारी दारातल्या उजेडात दोरा बिनबोभाट जायचा आणि दिवेलागणीला तोच दोरा नेढ्याच्या आजूबाजूला फिरत राहायचा. लख्ख उजेडात बाहुली बारीक होते आणि जवळचं थोडं स्पष्ट दिसतं, म्हणून दिवसा आपण डोळ्यांवर शंका घेत नाही. शेवटी काळ्या कापडावर काळा दोरा आला, की मुलाला हाक मारायची वेळ यायला लागली. गिऱ्हाइकासमोर ते फार लागायचं. इतक्या वर्षांचा हात, आणि सुई ओवायला पोरगं!

चष्म्याआधी मी दोरा ओवायची तार वापरून पाहिली. बारीक तारेचा फास नेढ्यातून घालायचा, त्यात दोरा अडकवून ओढायचा. हातसुईला ती छान चालते. पण मशीनच्या सुईचं नेढं लहान असलं तर तार अडकते आणि लवकर तुटते. शिवाय दोरा ओवला गेला तरी टीप सरळ चाललीय का, हे तार थोडीच दाखवणार?

म्हणजे चष्मा आलाच. तयार मिळणाऱ्या चष्म्यांत दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो. तुमचे डोळे तसे सारखे असतील तर तो चालेलही. माझ्या दोन डोळ्यांत फरक निघाला, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. उरले दोन पर्याय: वर लांबचं, खाली जवळचं अशी बायफोकल, किंवा अख्खी काच जवळच्या नंबराची.

बायफोकलची सोय नाकारता येत नाही. गिऱ्हाईक दारात आलं तर चेहरा स्पष्ट, खाली पाहिलं तर टीप स्पष्ट, चष्मा काढ-घाल करायला नको. माझ्या थोरल्या भावाचाही हाच धंदा. त्याचा जवळचा नंबर माझ्याजवळपास आहे, म्हणून त्याचीच बायफोकल लावून त्याच्या मशीनवर बसलो. टीप मारताना काही त्रास झाला नाही, कारण तेव्हा नजर खालीच असते. दोरा तुटला आणि खरी अडचण समोर आली. ओवताना आपण वाकून डोळे सुईच्या बरोबरीला आणतो. नेढं अगदी समोर येतं, आणि समोर असते ती वरची काच, लांबच्या नंबराची. नेढं पुसट. खालच्या काचेतून पाहायचं तर पाठ वाकलेली ठेवून हनुवटी वर करायची. एकदा ठीक आहे, पण दोरा दिवसातून कितीदा तुटतो ते तुम्हाला माहीतच आहे. संध्याकाळपर्यंत माझी मान आखडली. भावाला सवय झालीय, तो तक्रार करत नाही. मला मात्र ते जमेलसं वाटलं नाही.

मी नुसती जवळची घेतली, कमी उंचीच्या फ्रेममध्ये. टीप मारताना ती नाकावर खाली असते, त्यामुळे वरून गिऱ्हाईक आणि भिंतीवरचे कपडे दिसतात. ओवायच्या वेळी बोटाने वर सरकवली की नेढं समोर स्वच्छ. तिची गैरसोयही सांगतो: ती घालून उठून चाललं तर जमीन धूसर दिसते. म्हणून गळ्यात दोरी लावलीय.

नंबर काढताना एक गोष्ट मात्र करा. घरून निघताना मशीनवर नेहमीसारखे बसा आणि डोळ्यापासून सुईपर्यंत टेप धरायला सांगा. माझं अंतर 20 इंच भरलं. तपासणाऱ्याने वाचायचा कागद 16 इंचांवर धरला होता आणि नंबर 1.75 निघाला. मी अंतर सांगितल्यावर त्याने कागद मागे नेला, तेव्हा 1.25 पुरला. अर्ध्या नंबराचा फरक किरकोळ वाटतो, पण जास्तीचा नंबर घेतला की स्पष्ट दिसायला पुढे झुकावं लागतं आणि दिवसभर पाठ वाकलेली राहते. हातशिलाई आणि काजं मी याच चष्म्यावर करतो, कापड जरासं लांब धरून.

ज्यांना लांबचाही नंबर आहे त्यांना कदाचित बायफोकलच बरी पडेल, आणि ज्यांचं काम बहुतेक मापं घेण्याचं आणि बेतण्याचं आहे त्यांनाही. पण दिवसातला मोठा वेळ सुईसमोर जात असेल, तर मी जवळचीच सुचवेन. नंबर साठीच्या आसपासपर्यंत हळूहळू वाढत जातो, तेव्हा अधूनमधून तपासून घ्या. चष्मा लावूनही नेढं धुरकट दिसत असेल, किंवा दिव्याभोवती वलय दिसत असेल, तर नंबर वाढवण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. ते मोतीबिंदूचं किंवा आणखी कशाचं लक्षण असू शकतं.