बोलता बोलता भाषा कुठे बदलते आणि का बदलते

पिंपळगावचा द्राक्ष बागायतदार फोनवर बोलतोय: "भाऊ, रिपोर्ट मेलवर टाकलाय, पण कंटेनर उद्या लोड होणार नाही." शब्द निम्मे इंग्रजी, तरी "ऑन मेल" किंवा "मेल ऑन" कुणी म्हणत नाही. भाषाशास्त्रज्ञ शाना पॉपलॅक यांनी 1980 मध्ये मांडलेली समतुल्यतेची अट हेच सांगते: दोन्ही भाषांचा शब्दक्रम जुळतो तिथेच एका भाषेतून दुसरीत उडी मारता येते. इंग्रजीत संबंध दाखवणारा शब्द नामाच्या आधी येतो, मराठीत नंतर, म्हणून इथे वाट बंद.

पण "मेलवर" चालतं कसं? शब्द आणि प्रत्यय यांच्यामध्ये भाषा बदलत नाही, असा पॉपलॅक यांचाच दुसरा नियम. मग "मेल"ला उसना शब्द म्हणून सोडून द्यावं लागतं, आणि ही पळवाट मला जरा सोयीची वाटते. भाषाशास्त्रज्ञ कॅरोल मायर्स-स्कॉटन यांचं उत्तर इथे सरस: वाक्याची चौकट मराठीची, म्हणून प्रत्यय आणि "होणार नाही" मराठीच, इंग्रजी फक्त आशयाचे शब्द पुरवते.

आता तोच माणूस दर पाडणाऱ्या व्यापाऱ्याला थंडपणे म्हणतो, "दॅट इज नॉट अ‍ॅक्सेप्टेबल." इथे अख्खं वाक्यच बदललंय, तेव्हा व्याकरणाच्या अटीला अडवायला काही उरत नाही. "भाऊ"मधली जवळीक मागे घेतली, व्यवहार कागदावर आणला. हे सामाजिक कारणच सांगू शकतं. मात्र "मेलवर"मध्ये असा हेतू शोधायला गेलात तर फसाल. तिथे त्याला काहीच सुचवायचं नव्हतं.